एक हजार त्रेचाळीस

हँडओव्हर तासाभरात आटपला. जुन्या टीम लीडने पासवर्ड दिले, रिलीजचं वेळापत्रक दाखवलं आणि उठता उठता म्हणाला, "ट्रॅकरच्या नादी लागू नकोस. तिकडे कोणी फिरकत नाही."

सगळे घरी गेल्यावर मेधाने फिल्टर लावला.

```
project = BILL AND statusCategory != Done
AND assignee IS EMPTY ORDER BY created ASC
```

१०४३ तिकिटं. सगळ्यात जुनं २०१६ सालचं. कोणाच्या नावावर नाही, टीममधल्या कोणाची एक ओळ नाही. खाली कॉमेंट होत्या त्या तक्रार करणाऱ्यांच्याच: "काही अपडेट?", "कृपया कळवा", "मागच्या महिन्यातही हेच झालं."

मरोळच्या या ऑफिसात सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं सॉफ्टवेअर बनतं. वापरणारे बहुतेक मानद सचिव नाहीतर खजिनदार. दिवसभर नोकरी किंवा नातवंडं सांभाळून रात्री जेवणं झाली की बिलं काढायला बसणारी माणसं. ती तिकीट टाकतात, त्यांना लगेच नंबर येतो, आणि त्या नंबरावर ती विश्वास ठेवतात.

दुसऱ्या दिवशी देशपांडे सरांनी सरळ उपाय सांगितला. "वर्षापेक्षा जुनं सगळं बल्क क्लोज कर. महिनाअखेरीला रिव्ह्यू आहे. ज्याला खरंच नड असेल तो परत टाकेल."

यात चुकीचं असं काही नव्हतं. कित्येक टीम हेच करतात. पाच माणसांच्या टीमने रोजचं काम सांभाळून हजार तिकिटं कधी सोडवायची? मेधाने सगळी निवडली. शेवटच्या स्क्रीनवर एक चौकोन होता: `Send mail for this update`. तिथे तिचा हात थांबला.

"काका, जरा येता का?"

सपोर्टचे सावंतकाका कंपनीत सुरुवातीपासून आहेत. हेडफोन गळ्यात अडकवून ते स्क्रीनपाशी आले आणि बराच वेळ नुसतं वाचत राहिले.

"हे माटुंग्याचे. हे मुलुंडचे, यांचा आवाज ओळखतो मी. ह्या बाई दर वेळी आधी माझी तब्येत विचारतात." मग म्हणाले, "मॅडम, टिक काढलीत तर यांना कळणारच नाही. ठेवलीत तर उद्या नऊपासून फोन मला येणार. दोन्हीकडे मी सांगायचं काय, तेवढं लिहून द्या. इतकी वर्षं मी 'नोंद घेतली आहे' असंच सांगत आलोय."

मेधाने ती विंडो बंद केली.

तिने टीमला एकच नियम घालून दिला. तिकीट बंद करायला हरकत नाही, पण कारण असं लिहायचं, की काकांना ते फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवता आलं पाहिजे. रोज चारनंतर एक तास सगळ्यांनी मिळून वाचायचं, काका धरून.

पहिला ढीग भराभर उतरला. सर्व्हिस टॅक्स बिलात चुकीच्या ओळीत येतो अशी तिकिटं होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो प्रश्नच उरला नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बटण दिसत नाही, अशीही बरीच. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टनेच जून २०२२ मध्ये बंद केला. अशांना अक्षयने उत्तर लिहिलं: "तेव्हा आम्ही उत्तर द्यायला हवं होतं, दिलं नाही. आता ही अडचण या कारणाने उरलेली नाही. तरीही येत असेल तर याच मेलला उत्तर द्या, मी पाहीन." खाली स्वतःचं नाव घातलं. रागाची उत्तरं येतील असं त्याला वाटलं होतं. आली ती बहुतेक "धन्यवाद" एवढीच.

मग मराठी पावत्यांचा गठ्ठा. छापताना 'शिर्के'मधली वेलांटी भलत्याच अक्षरावर जायची, जोडाक्षरं फुटायची. तिकिटं पन्नासेक, मूळ एकच: पीडीएफ बनवणारी लायब्ररी अक्षरं जोडत नव्हती, एकापुढे एक नुसती मांडत होती. फातिमाने लायब्ररी बदलली आणि पहिली पावती छापून काकांच्या टेबलावर ठेवली. स्वतःचं नाव मोडकं छापलेलं पाहून माणसाला काय वाटत असेल, हे तिकिटात कोणी लिहिलं नव्हतं. ते लिहावं तरी का लागावं?

आणि मग BILL-318.

दादरच्या एका जुन्या इमारतीचे खजिनदार पेडणेकर, निवृत्त बँक अधिकारी. विषय: थकबाकीवर व्याज जास्त लागते. २०१९ पासून दर एप्रिलला ते त्याच तिकिटात वहीच्या पानाचा फोटो जोडत आले होते. निळ्या शाईत सुबक आकडे. थकबाकी एक लाख, दर दसादशे २१ टक्के, उपविधींप्रमाणे सरळव्याज. दोन वर्षांचे ४२,००० व्हायला हवेत, बिलात येतात ४६,४१०. खाली दोन रेघा मारून: "फरक रु. ४,४१०. व्याजावर व्याज लागत आहे."

अक्षयने कोड उघडला. वर्षअखेरीच्या हिशोबातली ओळ अशी होती:

```
interest = closing_balance * rate
```

`closing_balance` मध्ये मागचं व्याजही मिळवलेलं होतं. पेडणेकरांनी कोड न बघता, वहीवर, नेमकी हीच ओळ पकडली होती.

मेधाने स्वतः फोन लावला.

"३१८ ना?" ते लगेच म्हणाले. "पाठ आहे मला."

"काका, तुमचं बरोबर आहे. चूक आमच्या हिशोबात आहे."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. "मॅडम, आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात. बिलात आलंय म्हणून त्यांनी भरून टाकलं. मी वहीत दुरुस्त करायचो, पण कमिटी म्हणायची, कॉम्प्युटर चुकेल कसा? माझं कोण ऐकणार?"

"त्यांचा हिशोब आपण पहिला करू. आणि नवा हिशोब तपासायला तुमच्या वहीची पानं वापरली तर चालतील?"

"वापरा की! सगळी वर्षं पाठवतो."

त्या पानांवरून फातिमाने चाचण्या लिहिल्या. मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवायचं, तर जुन्या पावत्याही फोडाव्या लागल्या: कोणती रक्कम व्याजात गेली, कोणती मुद्दलात. ठरलेलं एक नवं फीचर त्यासाठी मेधाने पुढे ढकललं, आणि तसं आधीच सांगून टाकलं.

रिव्ह्यूच्या दिवशी आकडा २६८ होता.

देशपांडे सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "जुनं सगळं बंद कर म्हणालो होतो मी."

"हो सर. पण यातल्या प्रत्येकावर आता आपल्यापैकी कोणाचं तरी नाव आहे. जे करणार नाही, ते करणार नाही असं सांगून बंद केलंय. हे २६८ खरंच करायचे आहेत."

सर एकेक उघडून वाचू लागले. ३१८ वर थांबले, वहीचा फोटो मोठा केला.

"हे असं किती सोसायट्यांना लागलंय?"

"सत्तावीस. जादा भरलेली रक्कम सभासदाप्रमाणे काढून ठेवली आहे. पत्राचा मसुदा काकांनी लिहिलाय."

"वाच."

सावंतकाकांनी उभं राहून वाचला. सरांनी एक ओळ बदलायला सांगितली. 'तांत्रिक कारणामुळे' खोडून 'आमच्या चुकीमुळे' लिहायचं होतं.

"आणि खाली माझी सही घ्या," ते म्हणाले. "आजच जाऊ दे."