इतर

सायलीने आधी शॉपिंगवालं अकाउंट उडवलं, मग डेटिंग ॲप, मग नोकरी शोधायची ती साइट जिच्यावर अजूनही जुन्या कंपनीचंच नाव दिसत होतं, एकावर तर पासवर्ड आठवेना म्हणून रिसेट लिंक मागवली, ती गेली कॉलेजच्या वेळच्या ईमेलवर, झालं, आता तोही उघडा.

फोटोंच्या अकाउंटवर मात्र हात अडला. कारण विचारत होते. प्रायव्हसी, फार वेळ जातो, इतर. नोकरी गेली, साखरपुडा मोडला, बाबा आयसीयूत होते, यातलं कुठे टिक करायचं माणसाने? तिने 'इतर' दाबलं. ३० दिवसांत लॉगिन केलं तर सगळं परत मिळेल म्हणे, नकोच होतं तिला.

शेवटी राहिला तो जुना ईमेल. त्यात बाबांचा एक मेल सापडला, सब्जेक्ट रिकामा, आत फक्त 'पोचलीस का'. इतकंच. तिने तो नव्या पत्त्यावर फॉरवर्ड केला आणि आतल्या खोलीकडे बघून ओरडली,

"बाबा, तुमच्याकडे माझा कुठला ईमेल सेव्ह आहे?"

"जुनाच की. का गं?"

"फोन आणा इकडे, बदलून देते."