उशिरा पोहोचलेल्या संत्रा-पेट्यांबद्दल दिलगिरीचे पत्र

हिंगणा एमआयडीसी, नागपूर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. रमेशभाऊ,
संत्रा व्यापारी व पॅकिंग शेड, काटोल

विषय : ६,००० पेट्यांच्या पुरवठ्यास झालेला उशीर, त्याची भरपाई आणि मृग बहाराची ऑर्डर

आदरणीय रमेशभाऊ,

सप्रेम नमस्कार.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, तुम्ही १० किलोच्या पाच प्लाय छापील पेट्यांची ऑर्डर दिली. १० नोव्हेंबरला माल शेडवर उतरवून देतो, हा शब्द मीच दिला होता. प्रत्यक्षात ३,५०० पेट्या १४ तारखेच्या संध्याकाळी आणि उरलेल्या २,५०० पेट्या १६ तारखेला, रविवारी सकाळी पोहोचल्या. ऐन आंबिया बहारात, तोड सुरू असताना हे झालं. याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो.

उशिराहून मोठी चूक वेगळी आहे, ती आधी सांगतो. १० तारखेला सकाळी ८ वाजता तुम्ही फोन केला, तेव्हा आमच्या ऑफिसातून तुम्हाला सांगितलं गेलं की गाडी निघाली. गाडी निघाली नव्हती. त्या वेळी तुमच्या पेट्यांची शीट वाळत होती, पंचिंगही व्हायचं होतं. त्या एका वाक्याच्या भरवशावर तुम्ही बगीच्यात तोडीची माणसं लावली आणि संध्याकाळपर्यंत शेडमध्ये संत्र्याचा ढीग झाला. ज्या मुलाने फोन घेतला त्याला मी दोष देत नाही. "पार्टीला नाराज करू नका" असं मीच त्यांना वारंवार सांगत आलो, त्यातून ही सवय लागली. झाडावरचं फळ आठ दिवस थांबवता येतं, तोडलेलं थांबवता येत नाही. १० तारखेला खरं कळलं असतं, तर तुम्ही तोड पुढे ढकलली असती.

उशीर का झाला, तेही स्पष्ट लिहितो. तुमच्या पेट्यांसाठी ठेवलेल्या क्राफ्ट कागदातले चार रीळ २७ ऑक्टोबरला मी दुसऱ्या एका घाईच्या ऑर्डरला वापरले. नवे रीळ ३ नोव्हेंबरला येतील असं मिलकडून कळलं होतं, त्यावर मी विसंबलो. ४ तारखेच्या संध्याकाळी कळलं की मिलचं लोडिंग लांबलं आहे. रीळ ८ तारखेच्या रात्री उतरले. थंडीमुळे खळ लावलेली शीट वाळायला रात्रभर लागते, ती ओली असताना पिन मारली तर पेटी कडेला फाटते. तिथे आम्हाला घाई करता आली नाही.

मधल्या काळात नागपुरातच हलक्या जीएसएमचा कागद मिळत होता. तो घेतला असता तर १० तारीख बहुधा गाठता आली असती. मी घेतला नाही. दिल्लीच्या गाडीत सात-आठ पेट्यांची थप्पी लागते, त्या कागदाने खालच्या दोन थरांनी दम तोडला असता आणि फळ वाटेतच दबलं असतं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण तो मी तुम्हाला न विचारता घेतला. ४ तारखेलाच फोन करून दोन्ही बाजू तुमच्यासमोर ठेवायला हव्या होत्या. माल तुमचा, बाजार तुमचा, निवड तुमची होती.

आता हिशोबाचं. १२ तारखेला तुम्ही बाहेरून १,४०० पेट्या ४८ रुपयांनी उचलल्या. आमचा दर ३९ रुपये. फरक १२,६०० रुपये. त्या पेट्या आणायचं टेम्पोभाडं २,८०० रुपये. पॅकिंगच्या १४ बाया एक दिवस बसून राहिल्या, त्यांची ३५० रुपयांप्रमाणे मजुरी ४,९०० रुपये. एकूण २०,३०० रुपये. हे आकडे तुम्ही फोनवर सांगितलेले आहेत, त्यावर मला एकही पावती नको. ही रक्कम आमच्या २,३४,००० रुपयांच्या बिलातून वजा केली आहे. क्रेडिट नोट या पत्रासोबत आहे.

तेवढ्याच १,४०० पेट्या आता तुमच्याकडे जास्तीच्या झाल्या असतील. त्यांवर तुमची छपाई आहे, त्या दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, म्हणून त्यांचं ओझं आमचं. ठेवायच्या असतील तर कोरड्या जागी, फळीवर ठेवा. जमिनीतली ओल वर चढते. पैसे मृग बहारात वापराल तेव्हाच द्या. नको असतील तर आमची गाडी येऊन घेऊन जाईल. बिलाच्या बाकी रकमेची मुदत १६ नोव्हेंबरपासून धरा.

ढिगातला जो माल नरम पडून स्थानिक बाजारात कमी भावाने द्यावा लागला, त्याचा आकडा मी इथे बसून ठरवणार नाही. तुमच्या वहीत तो असेलच. समोर बसून पाहू आणि त्यात आमचा वाटा किती, ते तिथेच ठरवू.

यापुढच्या कामाबद्दल माझं म्हणणं असं. तुमच्या नावाचे रीळ आजपासून गोदामात वेगळ्या रांगेत, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून राहतील. ते माझ्या सहीशिवाय कुणाला उचलता येणार नाहीत. डिलिव्हरीच्या आधीचे पाच दिवस रोज संध्याकाळी ६ वाजता मी स्वतः तुम्हाला व्हॉट्सॲपवर कळवीन : किती शीट तयार, किती पेट्या पिन झाल्या, आणि गाडी भरताना गाडीचा फोटो. उशीर होणार असं दिसलं तर त्याच दिवशी फोन येईल, आणि ठरल्या तारखेला कमी पडणाऱ्या पेट्या आम्ही दुसरीकडून घेऊन तुम्हाला आमच्याच दराने देऊ. वरचा फरक आमचा. हे सगळं पुढच्या ऑर्डरच्या कागदावर लिहून देतो. एक मात्र आत्ताच सांगतो : छापील ६,००० पेट्यांना कागद हाताशी असतानाही आम्हाला नऊ दिवस लागतात. तुम्हाला सात दिवसांत हव्या असतील तर मी हो म्हणणार नाही.

मृग बहाराचा माल फेब्रुवारीत सुरू होईल. डिसेंबरअखेर अंदाजे आकडा कळवलात तर कागद जानेवारीतच आणून ठेवतो, त्यासाठी ॲडव्हान्स नको. यंदा निम्मीच ऑर्डर आम्हाला द्यावी आणि निम्मी दुसरीकडे, असं तुम्हाला वाटलं तर तेही मला मान्य आहे. तुमच्या जागी मी असतो तर कदाचित तेच केलं असतं. त्या निम्म्या ऑर्डरची तारीख पाळून दाखवायची संधी तेवढी द्या.

शनिवारी, २२ तारखेला सकाळी ११ च्या सुमारास कळमेश्वरमार्गे काटोलला येतो आहे. १० तारखेला फोन घेणारा मुलगा सोबत असेल. त्याने तुमची शेड कधी पाहिलेली नाही, तोडलेलं फळ पेटीविना पडून राहतं म्हणजे काय ते त्याने एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं. त्या दिवशी तुम्ही बगीच्यात असाल तर तसं कळवा, आम्ही तिकडेच येऊ.

आपला नम्र,
सुनील
पेटी कारखाना, हिंगणा एमआयडीसी, नागपूर

सोबत : २०,३०० रुपयांची क्रेडिट नोट