टेबलावरचा दिवा: ल्युमेन, लक्स आणि व्यस्त वर्गाचा नियम (सोडवलेली उदाहरणे)

सगळ्या उदाहरणांची मांडणी. फोंड्याजवळच्या एका कौलारू घरात अभ्यासाचे टेबल आहे: लांबी १.२० मी., रुंदी ०.६० मी., जमिनीपासून उंची ०.७५ मी. छप्पर उंच असल्याने वाशाला वायर बांधून दिवा खाली सोडला आहे आणि वायर कमी-जास्त करता येते. दिवा ९ वॉटचा एलईडी, खोक्यावर ९०० ल्युमेन. टेबलाच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर तो टांगला आहे. सूत्रातली उंची h नेहमी टेबलाच्या पृष्ठापासून दिव्याच्या केंद्रापर्यंत मोजायची.

दिव्यातून दर सेकंदाला बाहेर पडणारा एकूण दृश्य प्रकाश म्हणजे प्रकाशप्रवाह Φ, एकक ल्युमेन. एका विशिष्ट दिशेला दर स्टेरेडियनमागे किती ल्युमेन जातात ती तीव्रता I, एकक कॅन्डेला. पृष्ठाच्या दर चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते प्रदीपन E, एकक लक्स. वॉटचा या हिशेबात कुठेही संबंध येत नाही. वॉट विजेच्या बिलासाठी.

E = I cosθ / d²

d म्हणजे दिव्यापासून त्या बिंदूचे सरळ अंतर आणि θ म्हणजे किरण व पृष्ठाचा लंब यांतला कोन. सपाट टेबलासाठी cosθ = h/d, म्हणून E = I h / d³.

उदाहरण १. दिवा उघडा आहे आणि सर्व दिशांना सारखाच प्रकाश देतो असे माना. दिव्याचे केंद्र जमिनीपासून १.९५ मी. उंचीवर असेल तर टेबलाच्या मध्यावर प्रदीपन किती?

पूर्ण गोलाचा घनकोन ४π = १२.५७ स्टेरेडियन.
I = ९०० ÷ १२.५७ = ७१.६ कॅन्डेला
h = १.९५ − ०.७५ = १.२० मी.
E = ७१.६ ÷ १.४४ = ४९.७ लक्स

इथे दोन चुका हमखास होतात. उंची जमिनीपासून धरली तर उत्तर ७१.६ ÷ ३.८० = १८.८ लक्स येते. दुसरी चूक जास्त फसवी: ९०० ल्युमेनला टेबलाच्या ०.७२ चौ. मी. क्षेत्रफळाने भागून १२५० लक्स काढायचे. एकक बरोबर जुळते, म्हणून शंका येत नाही. पण उघड्या दिव्याचा अर्धा प्रकाश तर कौलांकडेच जातो, आणि उरलेल्यातलाही बराच टेबलाबाहेर जमिनीवर पडतो.

उदाहरण २. वाचनासाठी मध्यावर ३०० लक्स हवेत. हाच उघडा दिवा किती खाली आणावा?

h = √(७१.६ ÷ ३००) = ०.४९ मी.

म्हणजे दिवा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येणार आणि चकाकीने वाचणे कठीण होणार. गणित बरोबर, पण मांडणी वाईट.

दिवा बिंदूसारखा मानता येतो का, हेही तपासा. अंतर दिव्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या निदान पाचपट असले तर व्यस्त वर्गाचा नियम व्यवहारापुरता चालतो. बल्ब ६ सें.मी. रुंद असेल तर ३० सें.मी.च्या पुढे हरकत नाही. चार फुटी ट्यूबला मात्र सहा मीटर अंतर लागेल. टेबलाच्या जरा वर लावलेल्या ट्यूबसाठी हे सूत्र वापरूच नये. लांब ट्यूबच्या जवळ प्रदीपन साधारण १/d नुसार घटते, १/d² नुसार नव्हे.

उदाहरण ३. h = ०.५० मी. ठेवून टेबलाच्या आखूड कडेच्या मध्यावर (मध्यापासून ०.६० मी.) आणि कोपऱ्यावर प्रदीपन काढा.

मध्य: ७१.६ ÷ ०.२५ = २८६ लक्स
कड: d² = ०.२५ + ०.३६ = ०.६१, d³ = ०.४७६
E = (७१.६ × ०.५०) ÷ ०.४७६ = ७५ लक्स
कोपरा: d² = ०.२५ + ०.३६ + ०.०९ = ०.७०, d³ = ०.५८६, E = ६१ लक्स

cosθ विसरला तर कडेला ११७ लक्स येतात. किरण तिरपा पडला की तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. अंतर वाढल्याने होणारी घट वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही धरायच्या.

उदाहरण ४. कडेला जास्तीत जास्त प्रदीपन मिळावे यासाठी h किती हवी?

x = ०.६० मी. स्थिर ठेवून E = I h / (h² + x²)^(३/२) चे h बाबत अवकलन शून्य धरले की h² + x² = ३h², म्हणजे h = x/√२ = ०.४२ मी. तिथे E = ७६.५ लक्स. पडताळा: ०.५० मी. वर ७५, ०.३० मी. वर ७१, ०.२० मी. वर ५७. म्हणजे दिवा खाली आणत गेले की कड आधी थोडी उजळते आणि मग काळवंडते. ०.५० वरून ०.४२ वर आणून कडेला जेमतेम दीड लक्स मिळतो, मध्यावर मात्र प्रखरता बरीच वाढते. त्यासाठी वायर पुन्हा बांधायची गरज नाही.

उदाहरण ५. आता दिव्याला पत्र्याची शेड बसवली. ९०० पैकी ७० टक्के प्रकाश बाहेर पडतो आणि तो लंबापासून ६०° पर्यंतच्या शंकूत सारखा पसरतो. h = ०.८० मी.

बाहेर पडणारा Φ = ६३० ल्युमेन
घनकोन = २π(१ − cos ६०°) = π = ३.१४ स्टेरेडियन
I = ६३० ÷ ३.१४ = २००.५ कॅन्डेला
मध्य: २००.५ ÷ ०.६४ = ३१३ लक्स
कड: d² = ०.६४ + ०.३६ = १.००, E = २००.५ × ०.८ = १६० लक्स
कोपरा: d² = १.०९, E = १४१ लक्स

कोपऱ्याचा कोन सुमारे ४०° येतो, म्हणजे तो शंकूच्या आतच आहे. हे न तपासता उत्तर लिहू नका. ३० टक्के प्रकाश शेडने खाल्ला, तरी तीव्रता उघड्या दिव्याच्या २.८ पट झाली. शिवाय कड आणि मध्य यांचे गुणोत्तर ०.२६ वरून ०.५१ वर गेले. ते शेडमुळे नव्हे, उंचीमुळे. शेडने एवढी उंची परवडू दिली, इतकेच.

दमट हवेत शेडच्या आतल्या बाजूला चिकट धूळ बसते. त्यासाठी घटक ०.८ धरला तर मध्यावर २५१ लक्स उरतात. धूळ बसल्यावरही ३०० हवे असतील तर h = √(२००.५ × ०.८ ÷ ३००) = ०.७३ मी. शेड पुसत राहणे जास्त सोपे.

उदाहरण ६. दुसऱ्या एका लहान दिव्याखाली लक्समीटरने घेतलेली वाचने: ०.६० मी. वर ५१४, ०.८० वर २९५, १.०० वर १९४, १.२० वर १३९ लक्स. दिवा बंद असताना प्रत्येक ठिकाणी १४ लक्स. तीव्रता काढा.

वाचने तशीच वापरून E d² काढले तर १८५, १८९, १९४, २०० असे चढत जाते. नियम खोटा ठरला असे वाटते. खरे कारण म्हणजे १४ लक्सचा पार्श्वप्रकाश: लांबच्या वाचनात त्याचा वाटा मोठा होतो. तो वजा करा: ५००, २८१, १८०, १२५. आता E d² चारही वेळा १८० येते, म्हणून I = १८० कॅन्डेला.

अंतर एलईडीच्या चकतीऐवजी शेडच्या खालच्या काठापासून मोजले तरी E d² असेच चढते. फरक ओळखायचा तर दिवा बंद करून वाचन घ्या. ते शून्याजवळ असेल तर चूक मोजपट्टीत आहे. पावसाळ्यात ढगांमुळे खिडकीतला उजेड मिनिटागणिक बदलतो, तेव्हा हा प्रयोग काळोख पडल्यावरच करावा.

सरावासाठी. उदाहरण ५ मधला शेडचा दिवा मध्यापासून ०.३० मी. डावीकडे सरकवला, h तीच ०.८० मी. डाव्या आणि उजव्या कडेच्या मध्यावर प्रदीपन किती?
(उत्तरे: डावीकडे सुमारे २५७ लक्स, उजवीकडे सुमारे ९२ लक्स.)