गर्भारपणातील लोहाच्या कमतरतेसाठी वनस्पतीजन्य आहाराचा साप्ताहिक आराखडा

तुमचा २३वा आठवडा सुरू आहे. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.१ आणि फेरिटिन ११ आले, म्हणजे रक्तातले लोह तर कमी आहेच, पण शरीराने साठवून ठेवलेले लोहही संपत आले आहे. पहिल्या भेटीत तुम्ही लिहून दिलेला आहार मी नीट वाचला. त्यात डाळी आहेत, बिया आहेत, पालेभाज्याही आहेत; तरी आकडा खाली आला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. वनस्पतींमधले लोह पोटात गेले तरी आतड्यातून सहजासहजी शोषले जात नाही, आणि तुमच्या जेवणात त्याला मदत करणारे क जीवनसत्त्व बहुतेक वेळा नव्हते, तर अडवणारा चहा मात्र नाश्त्याच्या शेजारीच होता.

क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात विरघळलेल्या, शोषता येईल अशा रूपात ठेवते, पण त्यासाठी दोन्ही एकाच वेळी पोटात असावी लागतात. सकाळी खाल्लेले संत्रे दुपारच्या डाळीच्या कामाला येत नाही. म्हणून खाली प्रत्येक मुख्य जेवणात लोहाच्या पदार्थाबरोबर त्याची जोडी दिली आहे. एखाद्या दिवशी पदार्थ बदलावा लागला तर खुशाल बदला, जोडी मात्र मोडू नका.

सोमवार. नाश्त्याला पाण्यात शिजवलेले ओट्स, त्यावर दोन मोठे चमचे भोपळ्याच्या बिया आणि वाटीभर स्ट्रॉबेरी. दुपारी टोमॅटो घालून केलेले मसुराचे दाट सूप, संपूर्ण गव्हाचा ब्रेड आणि अर्ध्या लाल ढोबळी मिरचीचे कच्चे काप. कपभर शिजलेल्या मसुरातून साधारण ६.५ मिलिग्रॅम लोह मिळते, म्हणून हे सूप आठवड्यात पुन्हा येईल. भांडे आचेवरून उतरवा, सूप वाडग्यात घ्या आणि मग त्यावर अर्धे लिंबू पिळा. उकळत्या सूपात पिळलेल्या लिंबातले बरेचसे क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. रात्री टोफू आणि ब्रोकोली मोठ्या आचेवर थोडा वेळ परतून भाताबरोबर घ्या. ब्रोकोली हिरवीगार आणि किंचित करकरीत असतानाच उतरवा.

मंगळवार. सकाळी ब्रेडवर तिळाच्या कुटाचा थर आणि सोबत दोन किवी. दुपारी शिजवलेले काबुली चणे, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणि लिंबाचा रस यांची कोशिंबीर पोटभर. रात्री सोमवारचे उरलेले मसूर सूप चालेल. ते पूर्ण उकळी येईपर्यंत गरम करा आणि लिंबू नव्याने पिळा, कारण आदल्या दिवशीच्या लिंबावर आज भिस्त ठेवता येत नाही.

बुधवार. नाश्ता सोमवारचाच, स्ट्रॉबेरीऐवजी संत्रे. दुपारी टोमॅटोच्या रश्श्यातला राजमा, भात आणि बारीक चिरलेला कच्चा कोबी, त्यावर लिंबू. राजमा रात्रभर भिजवा, भिजवलेले पाणी टाकून द्या आणि दाणा बोटांत सहज चिरडेल इतका शिजवा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला त्रास देतो, आणि भिजवल्याने लोहाला धरून ठेवणारे फायटेटही काहीसे कमी होते. रात्री भाज्या घातलेला क्विनोआ आणि एक पेरू.

गुरुवार. लोहाच्या गोळीमुळे बद्धकोष्ठता होते असे तुम्ही सांगितले होते, म्हणून हा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. सकाळी ओट्समध्ये चार-पाच भिजवलेले सुके आलुबुखार आणि वर किवी. दुपारी मऊ शिजवलेली मसूर डाळ आणि भात, सोबत टोमॅटोची कोशिंबीर. रात्री वाटाणा आणि बटाट्याचे सूप, वरून लिंबू. पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहा.

शुक्रवार. या दिवसाचे दुपारचे जेवण आठवड्यातले सर्वांत भरीव आहे. कपभर शिजलेल्या सोयाबीनमध्ये ८ मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. ते टोमॅटो आणि कांद्याबरोबर परता आणि ताटात घेतल्यावर लाल ढोबळी मिरचीचे कच्चे तुकडे घाला. सकाळी तिळाचा कूट लावलेला ब्रेड आणि संत्रे, रात्री चण्यांचे सूप आणि ब्रोकोली.

शनिवार. नाश्ता आवडीचा घ्या, फळ मात्र आंबटगोड असू द्या. दुपारी मसूर आणि क्विनोआ एकत्र शिजवून त्यावर कच्चा टोमॅटो आणि लिंबू. रात्री टोफू, ढोबळी मिरची, भात.

रविवार. दुपारी पालक आणि काबुली चणे, सोबत पेरू किंवा संत्रे. पालक या आराखड्यात एकदाच आला आहे, याचे कारण सांगायला हवे. लोहासाठी पालक हा सल्ला तुम्हाला घरातून आणि बाहेरून खूप मिळाला असेल, आणि त्यात लोह आहे हेही खरे. पण त्यातले फार थोडे शरीराला मिळते. इतर गुणांसाठी तो जरूर खा, रक्तासाठी भरवसा मात्र डाळी, सोयाबीन आणि बियांवर ठेवा. सकाळी बिया घातलेले ओट्स आणि स्ट्रॉबेरी, रात्री राजमा घातलेले टोमॅटो सूप.

आता चहाविषयी, कारण तुमच्या बाबतीत मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. चहा सोडा असे मी म्हणत नाही. सकाळी साडेआठचा चहा साडेदहाला घ्या आणि संध्याकाळचा पाच वाजता, म्हणजे जेवण आणि चहा यांच्यात किमान तासाभराचे अंतर राहील. कॉफीलाही हाच नियम लागू आहे, आणि दिवसभरातले एकूण कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत असावे. कॅल्शियमही लोहाच्या शोषणात अडथळा आणते. त्यामुळे कॅल्शियमयुक्त सोया दूध आणि कॅल्शियमची गोळी मधल्या वेळेच्या खाण्याबरोबर घ्या, मुख्य जेवणाबरोबर नको.

डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चालूच ठेवायची आहे. गर्भारपणात रोज साधारण २७ मिलिग्रॅम लोह लागते, आणि साठा इतका खाली गेलेला असताना केवळ आहाराने तो वेळेत भरून निघणार नाही. गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्या. मळमळ झाल्यास ती परस्पर बंद न करता वेळ किंवा मात्रा बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोला. ब१२ची गोळीही चुकवू नका, कारण संपूर्ण वनस्पतीजन्य आहारातून हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही आणि त्याच्या कमतरतेनेही रक्त कमी होते.

लिंबू-संत्र्याने छातीत जळजळ झाली तर त्यांच्या जागी ढोबळी मिरची, पेरू किंवा स्ट्रॉबेरी घ्या. लाल ढोबळी मिरचीत वजनाच्या मानाने संत्र्याहून अधिक क जीवनसत्त्व असते. फळे आणि कच्च्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि कच्ची मोडाची कडधान्ये सध्या टाळा. मोड आलेले खायचेच असेल तर पूर्ण शिजवून खा.

धाप लागणे, छातीत धडधडणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही जाणवले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी हा आराखडा चार आठवडे चालवा आणि चहाच्या वेळांची नोंद जेवणाच्या नोंदीशेजारीच लिहून ठेवा. चार आठवड्यांनी रक्ततपासणीचा अहवाल येईल तेव्हा दोन्ही नोंदी समोर ठेवून आपण पुढचा आठवडा ठरवू.