काँक्रीट क्यूब चाचणी अहवाल: एम २५, स्लॅब, घणसोली, नवी मुंबई

क्यूब ३ फेब्रुवारी २०२५ रोजी साइटवर भरले. एकूण नऊ, प्रत्येकी १५० मिमी. दुसऱ्या दिवशी साचे उघडून ते २७ ± २ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले. चाचणी आयएस ५१६ प्रमाणे, क्यूब टाकीतून काढून ओले असतानाच घेतली. भाराचा वेग मिनिटाला १४ न्यूटन/चौ.मिमी.

ताकद (न्यूटन/चौ.मिमी):
३ दिवस: १२.६२, १३.३८, १३.०२, सरासरी १३.०१
७ दिवस: १८.३१, १८.९८, १८.००; सरासरी १८.४३
२८ दिवस: ३१.०२, ३१.८२, २४.९८, सरासरी २९.२७

सात दिवसांना २८ दिवसांच्या ६३ टक्के ताकद आली, म्हणजे वाढ अपेक्षेसारखीच आहे.

प्रश्न २८ दिवसांच्या तिसऱ्या क्यूबचा. तो ५६२ किलोन्यूटनला फुटला, बाकीचे दोन ६९८ आणि ७१६ ला. सरासरीपासून तो १४.७ टक्के खाली आहे. १५ टक्क्यांची मर्यादा जेमतेम पाळली गेल्याने निकाल ग्राह्य धरला आहे. मात्र त्याच्या एका कोपऱ्यात मधाच्या पोळ्यासारखी पोकळी दिसली आणि फूटही तिथूनच सुरू झाली. हा दोष मिश्रणाचा नसून ठासणीचा वाटतो. पुढच्या ओतकामाला क्यूब तीन थरांत, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके देऊन, आमच्या माणसासमोर भरावेत.

प्रयोगशाळा प्रमुख
४ मार्च २०२५