विषय: निविदा क्र. 07/2025-26 (केळी पिकवण कक्ष व प्री-कूलिंग, रावेर) – निकाल आणि चर्चेची वेळ

महोदय / महोदया,

रावेर येथील पॅकहाउससाठी 10 टनांचे चार पिकवण कक्ष व एक प्री-कूलिंग युनिट पुरवून बसवण्याच्या वरील निविदेची प्रक्रिया पूर्ण झाली आहे. आपली निविदा या कामासाठी स्वीकारण्यात आलेली नाही.

एकूण सहा निविदा आल्या. तांत्रिक छाननीत 100 पैकी किमान 70 गुण मिळालेल्या चार निविदांचे आर्थिक लिफाफे उघडले आणि त्यांतील सर्वांत कमी दराची, निविदाकार क्र. 4 यांची ₹68,40,000 (जीएसटी वगळून) ची निविदा स्वीकारली. कार्यादेश 22 सप्टेंबर 2025 रोजी दिला जाईल. आक्षेप असल्यास 15 सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावा.

आपले गुणपत्रक उद्या स्वतंत्र मेलने येईल. ते वाचताना एक बाब लक्षात घ्यावी. सर्वाधिक गुण गेले ते कंडेन्सिंग युनिटच्या क्षमतेत. आमची अट 46 अंश बाहेरील तापमानाची होती. काही निविदांत कॅटलॉगमधला 35 अंशांचा आकडा तसाच उतरवला होता. बाहेरचा पारा चढला की युनिटची क्षमता घटते, आणि मे महिन्यात रावेरला 35 अंश सकाळीच ओलांडले जातात. ज्यांनी 46 अंशांचे सिलेक्शन शीट जोडले, त्यांना पूर्ण गुण मिळाले. पफ पॅनेलची घनता आणि इथिलीन सोडल्यानंतर कक्षातली हवा बदलण्याची सोय, यांवरही थोडे गुण गेले आहेत.

बयाणा रक्कम ₹1,40,000 ज्या खात्यातून आली त्याच खात्यात 10 कामकाजाच्या दिवसांत परत जाईल. खाते बदलले असेल तर रद्द केलेला धनादेश आजच पाठवावा. खात्याच्या तपशिलात चूक असली तर रक्कम परत येऊ शकते आणि वेळ जातो. बँक गॅरंटी दिलेल्यांनी मूळ कागद अधिकारपत्रासह कार्यालयातून न्यावा.

आपल्या निविदेविषयी सविस्तर बोलायचे असल्यास 16 ते 19 सप्टेंबरदरम्यान, सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळेत, 30 मिनिटांची चर्चा ठेवता येईल. कार्यालयात यावे किंवा व्हिडिओ कॉलवर बोलावे, दोन्ही चालेल. याच मेलला 12 सप्टेंबर, सायंकाळी 5 पर्यंत सोयीचा दिवस आणि प्रश्न कळवावेत. प्रश्न आधी मिळाले तर छाननी करणारे अभियंते तेवढी कागदपत्रे काढून बसतील. रेफ्रिजरेशनची गणिते ज्यांनी केली, तेच आपल्याकडून आले तर बरे. चर्चा फक्त आपल्या निविदेपुरती राहील. इतरांचे दरपत्रक वा आराखडे दाखवता येणार नाहीत, आणि या चर्चेने निकाल बदलत नाही.

निविदा तयार करण्यासाठी आपण जागेची पाहणी केली, वेळ दिला, त्याबद्दल आभार. पुढील निविदांच्या सूचना आपल्याला याच पत्त्यावर मिळत राहतील.

आपला,
सचिव, निविदा समिती
रावेर, जि. जळगाव
8 सप्टेंबर 2025