रात्रपाळीसाठी वॉचमन हवा आहे

नमस्कार मंडळी,

रात्रीचे आपले काका या महिनाअखेर गावी परत जात आहेत. त्यांच्या जागी १ तारखेपासून नवा सिक्युरिटी गार्ड हवा आहे. वेळ रात्री ८ ते सकाळी ८, आठवड्याला एक सुट्टी. त्या दिवशी बदली माणूस एजन्सीने द्यायचा. पगार ओव्हरटाइम धरून हातात १९,५०० रुपये, पीएफ आणि ईएसआय वेगळे. गेटजवळच्या केबिनमध्ये पंखा आणि बाथरूमची सोय आहे. पहाटे ५ वाजता पंप चालू करणे आणि दोन्ही विंगच्या पार्किंगमध्ये फेरी मारणे हेही त्याच्याकडेच. गाड्या धुणे नाही! ते काम कोणी वैयक्तिक सांगू नये, कारण तेवढा वेळ गेट उघडं राहतं.

माणूस एजन्सीमार्फतच घ्यायचा, असं समितीत ठरलं आहे. एजन्सीकडे गार्ड पुरवण्यासाठी लागणारं सरकारी पसारा (PSARA) लायसन्स चालू मुदतीचं हवं. गार्डचं पोलीस व्हेरिफिकेशन, आधारची प्रत, फोटो आणि आधीच्या ठिकाणचा फोन नंबर रुजू होण्याआधी ऑफिसात जमा झाला पाहिजे. "कागद नंतर देतो" चालणार नाही; गेल्या खेपेला ते कागद शेवटपर्यंत आले नाहीत.

ओळखीची चांगली एजन्सी असेल तर नंबर मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको. रविवारी सकाळी ११ ला क्लब हाऊसमध्ये मुलाखती आहेत. बी विंगमधून कोणी दोघं बसायला आलात तर बरं होईल.

– सचिव